शिफारस करणारा आधी शोधावा की काम तपासणारा?

*मी २५ वर्षांची केमिकल इंजिनिअर आहे आणि वडोदऱ्यातील एका इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीच्या प्रोसेस विभागात दोन वर्षांपासून काम करते. यंदाच्या अप्रेझलमध्ये मला ‘अपेक्षेप्रमाणे’ असा मधला शेरा मिळाला. माझ्याबरोबरच लागलेल्या सहकाऱ्याला मात्र बढती मिळाली आणि दहेजच्या साइटवर कमिशनिंगसाठी, म्हणजे प्लांट सुरू करून देण्याच्या कामासाठी, त्याची निवड झाली. त्याच्या पाठीशी एक प्रोजेक्ट मॅनेजर आहेत, असे सगळे म्हणतात. एचआरने मला एक मेंटॉर नेमून दिले आहेत, पण वर्षभरात आमची दोनदाच भेट झाली. एक कोच तीन महिन्यांचा ऑनलाइन कार्यक्रम ४५ हजार रुपयांत देतात, तो घ्यावा की नाही कळत नाही. दांडिया बाजारातले माझे काका म्हणतात, ‘मेंटॉर वगैरे सोड, आधी गॉडफादर शोध.’ आमच्या एका डायरेक्टरांशी त्यांची ओळख आहे आणि ते शब्द टाकायला तयार आहेत. मी आधी कोणाला शोधू?*

*एक वाचक, वडोदरा*

प्रिय वाचक,

उत्तर आधी सांगते आणि मग त्यामागची कारणे मांडते. तुम्ही आधी मेंटॉर शोधावा. मात्र मेंटॉर म्हटले की मोठ्या पदावरचा, महिन्यातून एकदा भेटून चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा जो ज्येष्ठ माणूस डोळ्यांसमोर येतो, तो मला अभिप्रेत नाही. मला अभिप्रेत असलेली व्यक्ती तुमच्याहून पाच-सहा वर्षांनीच पुढे आहे, तुम्ही आज जी कॅल्क्युलेशन्स आणि डेटाशीट्स करता ती तिने अलीकडेपर्यंत स्वतः केलेली आहेत, आणि बहुधा ती तुमच्याच मजल्यावर बसते. स्पॉन्सर, म्हणजे वरच्या बैठकीत तुमच्यासाठी शब्द टाकणारा माणूसही तुम्हाला पुढे लागेल, हे मी नाकारत नाही. पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट या जवळच्या मेंटॉरच्या टेबलावरून जाते, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे.

मेंटॉर, कोच आणि स्पॉन्सर या तिघांमधला फरक त्यांच्या पदावरून ओळखायला गेलो तर गोंधळ होतो. आपले नेमके कुठे अडले आहे, यावरून तो लवकर कळतो. एखादे काम कसे करायचे, किंवा ते तसेच का करायचे, हेच माहीत नसेल तर मेंटॉर लागतो, कारण तो स्वतः त्या कामातून गेलेला असतो आणि आपल्या अनुभवातून सांगू शकतो. काय करायचे ते माहीत आहे, पण करण्याच्या वेळी जमत नाही, उदाहरणार्थ क्लायंटसमोर बोलताना मुद्दा हातचा सुटतो, तर कोच उपयोगी पडतो. तो उत्तरे देत नाही. प्रश्न विचारतो, सराव करून घेतो आणि ठरावीक मुदतीत एक ठरावीक गोष्ट सुधारायला मदत करतो. काम माहीत आहे, जमतेही, पण ते करण्याची संधीच मिळत नाही, अशी अडचण असेल तरच स्पॉन्सरचा प्रश्न येतो. स्पॉन्सर तुमच्याशी फारसे बोलणारही नाही, पण तुमच्याविषयी दुसऱ्यांशी बोलेल, आणि तेही अशा खोलीत जिथे तुम्हाला प्रवेश नाही.

माहीत नाही, जमत नाही आणि मिळत नाही, या तीन अडचणींपैकी तुमचे पत्र तिसरीविषयी आहे. ती खरी असू शकते. परंतु दोन वर्षांच्या नोकरीत ‘मिळत नाही’ असे वाटते तेव्हा पुष्कळदा त्याच्याआड एखादे ‘माहीत नाही’ दडलेले असते, आणि ते आपले आपल्याला दिसत नाही. म्हणून गेल्या सहा महिन्यांत तुमच्याकडे परत आलेली कागदपत्रे एकदा समोर घेऊन बसावे, अशी माझी पहिली विनंती आहे. त्यांचे काय करायचे ते पुढे सांगते.

काकांच्या सल्ल्यामागेही एक इतिहास आहे आणि तो समजून घ्यायला हवा. अमेरिकेतील अभ्यासक कॅथी क्रॅम यांनी १९८० च्या दशकात नोकरीतील मेंटॉर-संबंधांचा अभ्यास केला, तेव्हा शिकवणे, कठीण काम सोपवणे, चूक झाली तर सांभाळून घेणे आणि बढतीसाठी नाव पुढे करणे ही सगळी कामे एकाच मेंटॉरकडून होतात असे त्यांनी मांडले होते. आपल्याकडेही काकांच्या पिढीत माणूस एका कारखान्यात लागला की तिथूनच निवृत्त होई, आणि एकच साहेब त्याला शिकवी, दटावी आणि वरही नेई. आज प्रकल्प बदलतो तशी टीम बदलते, आणि साहेब स्वतःच तीन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत जातात. क्रॅम यांनीच पुढे २००१ मध्ये मोनिका हिगिन्स यांच्यासोबत असे मांडले, की माणसाच्या वाढीला एका व्यक्तीऐवजी अनेकांचा मिळून आधार असतो. तेव्हा सगळी कामे करणारा एकच माणूस शोधण्याचा नाद सोडणे, ही तुमच्या बाबतीत पहिली सुटका ठरेल.

आता स्पॉन्सरचे काम नेमके कुठे घडते ते पाहू, कारण तुमच्या सहकाऱ्याच्या बढतीचा अर्थ त्यावाचून लागणार नाही. मी विभागप्रमुख म्हणून अशा बैठकांना बसलेली आहे. तुम्ही सेल्फ अप्रेझल भरता, तुमचे मॅनेजर त्यावर शेरा सुचवतात, आणि मग सगळ्या विभागांचे प्रमुख एकत्र बसतात. अनेक कंपन्यांत या बैठकीला कॅलिब्रेशन म्हणतात. वरचा शेरा किती जणांना देता येईल याची मर्यादा तिथे ठरलेली असते, आणि सुचवलेली नावे त्या मर्यादेपेक्षा नेहमीच जास्त असतात. अगदी वरच्या आणि अगदी खालच्या नावांवर चर्चा होत नाही. चर्चा होते ती सीमेवरच्या नावांची, आणि प्रत्येक नावाच्या वाट्याला फार तर काही मिनिटे येतात. त्या वेळी कोणीतरी विचारते, “हिचे काम आणखी कोणी पाहिले आहे का?” खोलीत शांतता राहिली तर मॅनेजर कितीही आग्रही असले तरी नाव मधल्या शेऱ्यात जाते. कोणी एकाने जरी म्हटले, की “हो, अमुक प्रकल्पात तिने केलेले काम मी पाहिले आहे, ते असे असे होते,” तर बहुधा नाव वर राहते.

यातले ‘असे असे होते’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. “मुलगी हुशार आहे, मेहनती आहे,” एवढ्याने त्या खोलीत काही होत नाही, कारण प्रत्येक जण आपल्या माणसाविषयी तेच सांगत असतो. उपयोगी पडतो तो एखादा प्रसंग, ज्यात तुम्ही काय केले आणि त्याने काय वाचले हे दोन वाक्यांत सांगता येते. शिवाय तिथे तोंड उघडणारा माणूस स्वतःची पत पणाला लावत असतो. उद्या तुम्ही साइटवर जाऊन गोंधळ घातला तर “हिचे नाव कोणी सुचवले होते?” हा प्रश्न त्यालाच विचारला जातो. म्हणून ज्याने तुमचे काम पाहिलेले नाही, तो तुमचा स्पॉन्सर होऊ शकत नाही. त्याला तुम्ही कितीही आवडत असलात तरी सांगण्यासारखे त्याच्याजवळ काही नसते.

त्यामुळे ‘त्याच्या पाठीशी एक प्रोजेक्ट मॅनेजर आहेत’ या वाक्याकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहते. ते मॅनेजर त्याच्या पाठीशी का उभे राहिले, हे तुमच्या पत्रात नाही. पक्षपात असूही शकेल, तो सगळीकडे थोडाफार असतोच. पण निष्कर्ष काढण्यापूर्वी एकदा त्या सहकाऱ्याला मोकळेपणाने विचारा, की त्या मॅनेजरांशी त्याचा पहिला संबंध कोणत्या कामातून आला. या प्रश्नाचे उत्तर अनेकदा अगदी साधे असते, आणि त्यातून आपल्याला पुढची दिशा मिळते.

असेच एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. आपल्याच शहरातल्या एका कार्यालयात एक तरुण प्रोसेस इंजिनिअर होता. आपल्याला कोणी वाली नाही, अशी त्याचीही तक्रार होती. तुम्हाला ठाऊकच आहे, की आपल्या प्रत्येक कॅल्क्युलेशनच्या पहिल्या पानावर तयार करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा अशा तीन सह्यांचे रकाने असतात. त्याची कागदपत्रे तपासणाऱ्या इंजिनिअर बाई त्याच्याहून सहा वर्षांनी ज्येष्ठ होत्या. लाल शेऱ्यांनी भरलेले कागद परत आले की तो निमूटपणे दुरुस्त्या करून पुन्हा पाठवी. एकदा कंटाळून तो त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, की सगळे शेरे एकत्र पाहून माझे काय चुकते ते मला सांगाल का. त्यांनी त्यालाच एका वहीत शेऱ्यांची प्रतवारी करायला लावली: आकडेमोडीची चूक, माहितीचा स्रोत न लिहिणे, गृहीतक न लिहिणे आणि नुसती मांडणी.

दोन महिन्यांनी वही पाहिली तेव्हा आकडेमोडीच्या चुका जवळजवळ नव्हत्याच. बहुतेक शेरे गृहीतकांचे आणि स्रोतांचे होते. द्रवाचे तापमान कुठून घेतले, क्लायंटच्या माहितीची कोणती आवृत्ती वापरली, टाकीतली किमान पातळी कोणी ठरवली, हे तो लिहीतच नसे. त्यामुळे तपासणाऱ्याला सगळे पुन्हा शोधावे लागे, आणि “याच्या कामावर विसंबता येत नाही” असे मत तयार होत जाई. ही त्रुटी अवघड नव्हती, पण महाविद्यालयात ती कोणी शिकवत नाही आणि अप्रेझलच्या कागदावरही ती लिहिलेली नसते. त्याने पहिल्या पानावर गृहीतकांचा तक्ता द्यायला सुरुवात केली आणि काही आठवड्यांत शेरे निम्म्यावर आले.

पुढची गोष्ट त्याने मागितलेली नव्हती. त्याच्या कागदांवर आता विसंबता येते, हे दिसल्यावर त्या बाईंनी एका प्रकल्पाच्या हॅझॉपमध्ये नोंदी लिहायला त्याचे नाव सुचवले. हॅझॉप म्हणजे प्लांटमधल्या संभाव्य धोक्यांचा पद्धतशीर आढावा. त्यात प्रोसेस, इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकल आणि क्लायंटचे ऑपरेशनचे लोक काही दिवस एकाच खोलीत बसून पी अँड आयडीचा, म्हणजे प्लांटमधले पाइप, उपकरणे आणि नियंत्रणे दाखवणाऱ्या आराखड्याचा, एकेक भाग तपासतात. नोंदी लिहिण्याचे काम कनिष्ठांना कंटाळवाणे वाटते, परंतु विभागाबाहेरच्या ज्येष्ठांसमोर सलग काही दिवस बसण्याची संधी दोन-तीन वर्षांच्या इंजिनिअरला दुसऱ्या कुठल्याही कामात सहसा मिळत नाही. एका सॉल्व्हंटच्या उघड्यावरच्या टाकीतून ओढणाऱ्या पंपाची चर्चा चालू असताना त्याने विचारले, की सक्शनचे गणित ३५ अंश तापमानावर केले आहे. मे महिन्यात टाकी उन्हात तापली तर काय होईल? तापमान वाढले की द्रवाचा बाष्पदाब वाढतो, पंपाच्या तोंडाशी बाष्पदाबाहून जास्तीचा जो दाब उपलब्ध असतो, म्हणजे एनपीएसएच, तो कमी होतो, आणि टाकीची पातळी खाली असताना पंपात पोकळ्या निर्माण होऊन तो खराब होऊ शकतो. वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात पारा सहज ४० च्या वर जातो, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होते. प्रश्न मात्र त्याने विचारला, कारण गृहीतके लिहिण्याच्या सवयीमुळे तो आकडा त्याच्या डोळ्यांत भरला होता. गणित पुन्हा केले गेले आणि टाकीच्या किमान पातळीवर पंप बंद करणारी सेटिंग वर घ्यावी लागली.

त्या खोलीत प्रोजेक्ट मॅनेजर बसलेले होते. काही महिन्यांनी कमिशनिंगची टीम ठरवताना त्यांनी या तरुणाचे नाव घेतले आणि पंपाचा तो प्रसंग सांगितला. बाहेरून पाहणाऱ्यांना ‘त्याला एक प्रोजेक्ट मॅनेजर मिळाले’ एवढेच दिसले. त्याआधी तपासणाऱ्या बाईंच्या टेबलावर काय घडले होते, हे कोणाच्या नजरेत आले नाही. मेंटॉर आधी, असे मी म्हणते त्याचे कारण या क्रमात आहे. जवळच्या मेंटॉरने काम विश्वासार्ह केले, विश्वासामुळे विभागाबाहेर बसायची जागा मिळाली, आणि त्या जागेवर स्पॉन्सरने त्याला पाहिले.

आता तुमच्यासाठी हे कसे करायचे ते सांगते. परत आलेल्या कागदपत्रांवरच्या शेऱ्यांची त्या तरुणासारखीच एका वहीत प्रतवारी करा. तुमची कागदपत्रे जे तपासतात, त्यांच्यापैकी कोणाचे शेरे तुम्हाला सर्वांत जास्त शिकवून जातात ते आठवा. शेरे कमी देणारा माणूस निवडू नका. कारणासहित शेरे देणारा निवडा. त्यांना “तुम्ही माझे मेंटॉर व्हाल का?” असे विचारू नये, कारण या प्रश्नाने समोरच्या माणसावर एक अस्पष्ट आणि न संपणारी जबाबदारी येते, आणि भिडस्त माणूस होकार देऊन मग टाळू लागतो. त्याऐवजी एखादी छोटी, पूर्ण होऊ शकणारी गोष्ट मागा: “गेल्या सहा महिन्यांतले तुमचे शेरे मी एकत्र केले आहेत. त्यात मला तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. गुरुवारी अर्धा तास मिळाला, तर माझे निदान बरोबर आहे का ते विचारायचे आहे.” अर्ध्या तासाला अर्धा तासच घ्या. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी सांगितलेली गोष्ट ज्यात लागू केली आहे, असा एक कागद घेऊन पुन्हा जा. सल्ल्याचे पुढे काय झाले, हे सांगायला फार थोडे लोक परत येतात, आणि जो येतो त्याला वेळ द्यावासा वाटतो. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की नाव दिले नाही तरी ते नाते तयार झालेले असते.

हे नाते चालत नसेल तर तेही ओळखता येते. तीन भेटींनंतर तुमच्या कामाच्या पद्धतीत एकही बदल झालेला नसेल, किंवा भेटीचा बहुतेक वेळ त्यांच्या जुन्या आठवणींत आणि कार्यालयातल्या माणसांविषयीच्या गोष्टींत जात असेल, तर आदर राखून भेटी विरळ करा आणि दुसऱ्या व्यक्तीकडे वळा. त्यात कोणाचा अपमान नाही.

एचआरने नेमून दिलेल्या मेंटॉरना सोडून देऊ नका, फक्त त्यांच्याकडून वेगळ्या गोष्टीची अपेक्षा ठेवा. बेल रॅगिन्स आणि जॉन कॉटन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आपोआप जुळलेल्या मेंटॉर-संबंधांचा फायदा संस्थेने जुळवून दिलेल्या संबंधांपेक्षा जास्त दिसला होता. तुमचाही अनुभव त्याच दिशेचा आहे. पण वर्षातून दोनदा भेटणाऱ्या दुसऱ्या विभागातल्या माणसाकडून कार्यालयाची रचना समजू शकते: येत्या वर्षात कोणते प्रकल्प येणार आहेत, हॅझॉप आणि साइटच्या टीम कोण ठरवते, बढतीची नावे कोणत्या महिन्यात वर जातात. हे प्रश्न लिहून न्या. तुमच्या पंपाच्या गणितात ते लक्ष घालणार नाहीत, आणि तशी अपेक्षा केल्यानेच अशा भेटी फिक्या होतात.

कोचविषयी मी थोडक्यात सांगते. ४५ हजार रुपये सध्या खर्च करू नका. कोचिंग खोटे आहे, असे माझे म्हणणे नाही. योग्य वेळी, योग्य अडचणीसाठी ते फार उपयोगी पडते. पण चांगला कोच तुमचे ध्येय तुमच्याकडूनच काढून घेतो, आणि आपले कुठे अडले आहे हेच तुम्हाला अजून नक्की माहीत नाही. आपल्याकडे कोच म्हणून काम करायला कोणताही सरकारी परवाना लागत नाही, म्हणून पुढे कधी घ्यायचा झाला तर त्या व्यक्तीचे प्रशिक्षण आणि अनुभव विचारा. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या प्रमाणपत्रांत पहिल्या पायरीला कोचिंगचा किमान १०० तासांचा आणि दुसरीला ५०० तासांचा अनुभव लागतो, एवढे लक्षात ठेवले तरी विचारायचे काय ते कळते. जो कोच बढतीची हमी देतो, त्याच्याकडे जाऊ नये, कारण बढती ज्या खोलीत ठरते तिथे तो नसतो. वहीतली प्रतवारी करून झाल्यावर तुम्हाला असे आढळले, की कागदावरचे काम नीट आहे पण बैठकीत तोंड उघडत नाही, तर आधी तुमच्या मॅनेजरांना सांगा. अनेक कंपन्यांत अशा प्रशिक्षणासाठी तरतूद असते, आणि नसली तरी पुढच्या क्लायंट कॉलमध्ये एक मुद्दा तुम्ही मांडायचा आणि नंतर त्यावर पाच मिनिटे बोलायचे, एवढे तर मॅनेजरही करून घेऊ शकतात.

राहिले काका आणि त्यांचे डायरेक्टर. काकांचा हेतू प्रेमाचाच आहे, यात शंका नाही. पण डायरेक्टरांना तुमच्याविषयी जे कळेल ते ‘आमच्या ओळखीच्यांची पुतणी’ एवढेच असेल. ते खाली निरोप पाठवतील, तो तुमच्या मॅनेजरांपर्यंत पोहोचेल, आणि त्यानंतर तुम्हाला जे काही मिळेल ते वशिल्याने मिळाले, असेच विभागात समजले जाईल, मग ते तुम्ही स्वतः कमावलेले का असेना. शिवाय ज्यांनी खरोखर तुमचे काम पाहून पुढे तुमची बाजू घेतली असती, ते मागे सरतील; ‘तिला वरून आधार आहे, आपली काय गरज,’ असे त्यांना वाटेल. काकांना नाही म्हणणे जड जाईल. त्यांना असे सांगून पहा: “काका, आणखी एक वर्ष मी माझ्या कामावर नाव करून बघते. डायरेक्टरसाहेब सहज भेटले तर मी प्रोसेसमध्ये आहे एवढे सांगा, पण माझ्यासाठी काही मागू नका.” याने त्यांचाही मान राहतो.

या सगळ्यात एक खबरदारी मला आवर्जून सांगायची आहे, विशेषतः तुम्ही स्त्री आहात म्हणून. हर्मिनिया इबारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण घेतलेल्या स्त्रियांना मेंटॉर भरपूर मिळतात, पण त्यांच्यासाठी वरच्या खोलीत बोलणारे स्पॉन्सर पुरुषांच्या तुलनेत कमी मिळतात, आणि म्हणून त्या बढतीत मागे पडतात. त्या स्त्रिया तुमच्याहून अनुभवाने बऱ्याच पुढे होत्या, त्यामुळे हा निष्कर्ष दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही त्यातला धोका खरा आहे: प्रेमाने सल्ला देणारी माणसे भोवती असली की आपली प्रगती होते आहे, असे वाटत राहते, आणि वर्षे निघून जातात. म्हणून मेंटॉर आधी असला तरी त्याला मुदत आहे, असे समजून चाला. चौथ्या वर्षापर्यंत तुमच्या विभागाबाहेरच्या किमान दोन ज्येष्ठांना तुमच्या कामाचा एखादा प्रसंग सांगता आला पाहिजे. तो सांगता येत नसेल, तर सल्ला घेणे थोडे कमी करा आणि विभागाबाहेरचे काम मागणे वाढवा. दोन ज्येष्ठ म्हणण्याचेही कारण आहे. एकाच माणसावर सगळी भिस्त ठेवली आणि तो कंपनी सोडून गेला, तर त्याच्या माणसांकडे नंतर कोणी पाहत नाही.

हे काम मागायचे ते तुमच्या मॅनेजरांकडूनच, त्यांना वगळून नव्हे. त्यांच्या पाठीमागे तुम्ही प्रोजेक्ट मॅनेजरांकडे गेलात, तर कॅलिब्रेशनच्या बैठकीत तुमचे नाव मांडणारी पहिली व्यक्तीच तुम्ही दुखावलेली असेल. त्यांच्याशी बोलताना ‘मला मधला शेरा का मिळाला’ यावरून सुरुवात केली तर ते बचावात जातील. “वरच्या शेऱ्यासाठी बैठकीत माझ्याविषयी तुम्हाला काय सांगता आले असते, जे या वर्षी सांगता आले नाही?” असे विचारून पहा. या प्रश्नाचे उत्तर ते बहुधा खरे देतील, कारण ती अडचण त्यांचीही होती. मग शेऱ्यांची वही दाखवा आणि एकच नेमकी मागणी करा: पुढच्या हॅझॉपमध्ये नोंदी लिहायला, किंवा वेंडरच्या कारखान्यात पंपाच्या चाचणीला, किंवा क्लायंटबरोबरच्या पी अँड आयडी आढाव्याला मला पाठवा. यांपैकी जे लवकर होणारे असेल ते मागा आणि महिना ठरवून घ्या. होकार मिळाला तर त्या कामाच्या आदल्या आठवड्यात तुमच्या तपासनीस मेंटॉरबरोबर बसून त्या भागाची गृहीतके एकदा वाचून जा. नकार मिळाला तर कारण विचारा आणि लिहून ठेवा. दोनदा मागूनही कारण न देता नकारच येत असेल, तर तुमची अडचण खरोखर ‘मिळत नाही’ ही आहे असे समजायला हरकत नाही, आणि त्या वेळी एचआरच्या मेंटॉरना दुसऱ्या प्रकल्पात बदली कशी मागतात ते विचारावे.